करार पुढे चालू राहणार नाही, हे कसं कळवायचं



तुमच्यापैकी बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत किंवा त्या वाटेवर आहेत. आज मी कोडबद्दल बोलणार नाही. एका पत्राबद्दल बोलणार आहे. पानभराचंच पत्र असतं, पण ते नीट लिहिलेलं क्वचितच बघायला मिळतं. आपल्यासाठी करारावर काम करणाऱ्या माणसाला ‘तुमचा करार आम्ही पुढे चालू ठेवणार नाही’ असं कळवणारं पत्र. तुमच्यातले काही जण टीम लीड होतील आणि हे पत्र लिहितील. काही जण फ्रीलान्स करतात, त्यांना ते येईल. दोन्ही बाजूंनी ते वाचता यायला हवं.

आधी शब्दाबद्दल एक. कंत्राटदार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्याचं नाहीतर बांधकामाचं काम घेणारा माणूस येतो. मी म्हणतोय तो वेगळा. तो कंपनीचा नोकर नाही. त्याला पगाराची स्लिप नाही, पीएफ नाही. तो दर महिन्याला आपल्या नावाचं बिल लावतो आणि ठरलेल्या मुदतीसाठी ठरलेलं काम करतो. ऑफिसात त्याला ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

उदाहरण माझ्याच कामातलं घेतो. कंपनीचं आणि माणसाचं नाव सांगत नाही. कंपनी पुण्यातली, कॉन्ट्रॅक्टर मिरजेहून घरून काम करणारा. काम पेमेंटच्या बॅकएंडचं. करार १ जुलै २०२४ ते ३० जून २०२५. महिन्याला १,२०,००० रुपये. करारात तीन गोष्टी होत्या. मुदत ३० जूनला संपेल आणि पुढे वाढवायची तर दोघांच्या लेखी संमतीनं. वाढवायची नसेल तर ते ३० दिवस आधी लेखी कळवायचं. आणि बिल मंजूर झाल्यापासून ३० दिवसांत पैसे. एप्रिलमध्ये कंपनीनं त्या कामासाठी दोन जण कायमस्वरूपी घेतले. मे महिन्यात ठरलं की हा करार वाढवायचा नाही. कळवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिली गोष्ट मी करार उघडून पाहिली ती ही की, आपण करार ‘संपवतोय’ की ‘वाढवत नाही आहोत’. बोलताना दोन्ही सारखंच वाटतं. कागदावर नाही. ३० जूनच्या आधीच एखाद्याला थांबवायचं असेल तर ते मुदतपूर्व समाप्तीचं कलम, त्याची नोटीस वेगळी, कधी त्याची भरपाईही वेगळी. मुदत संपेपर्यंत काम करू देऊन पुढे जायचं नसेल, तर ते नूतनीकरण न करणं. मी अशी पत्रं पाहिली आहेत ज्यांत वर लिहिलंय ‘आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे’ आणि खाली मुदत संपण्याची तारीख. वाचणाऱ्याला कळत नाही की त्याला काढलंय की करार संपलाय. पुढच्या क्लायंटला तो काय सांगणार? आणि वाद झाला तर कंपनीलाही सांगता येत नाही की आपण कोणतं कलम वापरलं.

दुसरी गोष्ट, दिवस मोजायचे. आमच्या करारात ३० दिवस होते. ३० जूनच्या ३० दिवस आधी म्हणजे ३१ मे. २०२५ मध्ये तो शनिवार होता. शेवटच्या दिवशी पत्र पाठवायचं म्हटलं तर शनिवारी मेल गेला, सोमवारी वाचला, मग नोटीस कधी मिळाली यावरच भांडण. म्हणून २६ मे, सोमवार ठरवला. ३५ दिवस मिळाले. हे जास्तीचे पाच दिवस कंपनीला काही महागात पडत नाहीत, समोरच्याला मात्र नवीन काम शोधायला उपयोगी पडतात.

इथे एक सापळा आहे. काही करार आपोआप वाढतात. ‘कोणत्याही बाजूनं ६० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आणखी एक वर्ष चालू राहील’ असं एक वाक्य कुठेतरी सातव्या-आठव्या पानावर असतं. आमच्या करारात तसं असतं तर शेवटची तारीख आली असती १ मे. ती महाराष्ट्र दिनाची सुट्टी. म्हणजे खरं तर ३० एप्रिल. मे महिन्यात आम्ही निर्णय घेतला तेव्हा ती निघून गेलेली असती आणि कंपनी आणखी वर्षभर बांधली गेली असती. करार सही करतानाच ही तारीख कॅलेंडरमध्ये टाका, आणि तिच्या दोन आठवडे आधीची आठवणसुद्धा.

मुदत चुकलीच तर? समजा आमचं पत्र १० जूनला गेलं असतं. ३० दिवस १० जुलैला पुरे होतात, करार ३० जूनला संपतो. अशा वेळी मागची तारीख टाकून पत्र देणारे लोक आहेत. तसं करू नका, मेलवर तारीख-वेळ उमटलेली असते. सरळ मार्ग असा की त्याला विचारून करार १० जुलैपर्यंत लेखी वाढवावा आणि दहा दिवसांचे पैसे द्यावेत. कंपनीला तेवढं परवडतं.

आता कारण. करार मुदतीनं संपत असेल तर सहसा कारण द्यायची सक्ती नसते, करारातच तसं लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. मग द्यावं का? माझं मत आहे की द्यावं. एकच द्यावं, खरं द्यावं आणि समोरच्याला तपासता येईल असं द्यावं. ‘बजेट नाही’ हे सगळ्यात आवडतं कारण आहे. पुढच्याच महिन्यात त्याच कामाची जाहिरात लिंक्डइनवर दिसते आणि तो माणूस ती बघतो. पुण्याच्या आयटीत सगळे सगळ्यांना ओळखतात. दुसरं आवडतं कारण म्हणजे ‘सध्या तरी’. सध्या तरी वाढवत नाही, पुढे बघू. यात दयाळूपणा वाटतो, पण ऐकणारा त्यावर आशा ठेवून बसतो आणि दुसरं काम घेत नाही.

आणि कामाच्या दर्जावर नाराजी असेल तर? मग प्रश्न असा की हे त्याला आधी कधी सांगितलंय का. सांगितलं असेल, मेलवर लिहिलेलं असेल, तर पत्रात त्याचा एका वाक्यात संदर्भ द्या. वर्षभर गप्प बसून शेवटच्या पत्रात पहिल्यांदा तक्रार करणं चूक आहे. ती सुधारायची संधीच दिलेली नसते, आणि ती शेवटचे पैसे अडवायचं निमित्त वाटते.

पत्राआधी फोन. हे करारात लिहिलेलं नसतं. सकाळी अकराला मी त्याला फोन केला, पत्र त्याच दिवशी दुपारी गेलं. फोन आणि पत्रात दिवसाचं अंतर ठेवू नये, नाहीतर मधल्या वेळात बातमी टीममधून फिरते. मी म्हटलं, “भाई, बातमी चांगली नाही, म्हणून आडवळण घेत नाही. करार ३० जूनला संपतोय, तो आपण वाढवत नाही आहोत.” थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “काम में कुछ खोट थी क्या?” तो एरवी माझ्याशी मराठीत बोलायचा. मी सांगितलं, नाही. एप्रिलमध्ये दोघं घेतले, ते पुण्यात बसून काम करतात, मॉड्यूल आता त्यांच्याकडे जाईल. त्यानं विचारलं, मग त्या जागेसाठी मला का नाही विचारलं? रास्त प्रश्न होता. जागा निघाली तेव्हा त्याला कळवलं होतं आणि तो मिरज सोडून येणार नाही म्हणाला होता. त्याचे आईवडील तिथे आहेत. मी त्याला ते आठवून दिलं, त्यानं ‘हां’ म्हटलं. मग त्यानं तो प्रश्न विचारला जो जवळजवळ सगळे विचारतात: पैसे कधी?

या प्रश्नाचं उत्तर फोन करण्याआधी अकाउंट्सकडून घेऊन ठेवलेलं असावं. ‘विचारून सांगतो’ हे उत्तर त्या क्षणी फार वाईट लागतं.

पत्र इंग्रजीत होतं, मराठीत साधारण असं:

> विषय: १ जुलै २०२४ च्या सेवा कराराचे नूतनीकरण न करण्याबाबत
>
> आपल्यातील वरील कराराची मुदत ३० जून २०२५ रोजी संपते. करारातील नूतनीकरणाच्या कलमानुसार कळवत आहोत की कंपनी या कराराचे नूतनीकरण करणार नाही. करार ३० जून २०२५ रोजी मुदतीने संपेल. ही मुदतपूर्व समाप्ती नाही.
>
> पेमेंट मॉड्यूलचे काम कंपनीच्या कायमस्वरूपी टीमकडे सोपवण्यात येत असल्याने हा निर्णय घेतला आहे.
>
> ३० जूनपर्यंत करारातील काम व मोबदला नेहमीप्रमाणे चालू राहील. सोबतच्या यादीप्रमाणे काम २० जूनपर्यंत हस्तांतरित करावे. आपले सर्व प्रवेश ३० जून रोजी संध्याकाळी ६ वाजता बंद होतील.
>
> मे महिन्याच्या बिलाची रक्कम ४ जुलैपर्यंत आणि जून महिन्याच्या बिलाची रक्कम ४ ऑगस्टपर्यंत आपल्या खात्यात जमा होईल. दोन्हींमधून नियमाप्रमाणे टीडीएस कापला जाईल.
>
> हे पत्र मिळाल्याची पोच कृपया मेलने द्यावी.

एवढंच. आभाराचं एक वाक्य शेवटी होतं, ते मी इथे गाळलंय. यात ‘राजीनामा’, ‘शिल्लक रजा’, ‘रिलीव्हिंग लेटर’ असे नोकरीचे शब्द नाहीत, हे मुद्दाम. एचआरकडे नोकरदारांचा तयार मसुदा असतो, तोच कॉन्ट्रॅक्टरला पाठवला जातो आणि मग माणूस नोकर होता की नव्हता याचाच गोंधळ होतो. अर्थात नुसत्या शब्दांनी काही होत नाही. त्याच्या हजेरीच्या वेळा तुम्ही ठरवत असाल, रजा तुमच्याकडून मंजूर होत असेल, तर कागदावर काहीही लिहा, कोर्ट खरं नातं काय होतं ते बघतं.

पैशांच्या तारखा कशा काढल्या ते सांगतो, कारण सगळ्यात जास्त कटुता इथे येते. मे महिन्याचं बिल तो ३१ मे रोजी लावणार, ते ४ जूनपर्यंत मंजूर करायचं, ३० दिवस म्हणजे ४ जुलै. जूनचं बिल ३० जूनला, मंजुरी उशिरात उशिरा ५ जुलै, ३० दिवस म्हणजे ४ ऑगस्ट. रक्कम १,२०,०००. व्यावसायिक फी म्हणून टीडीएस १० टक्के, म्हणजे १२,०००. खात्यात १,०८,०००. त्याची जीएसटी नोंदणी नव्हती. वर्षाची उलाढाल १४ लाख ४० हजार होती आणि सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे, त्यामुळे बिलावर जीएसटी नव्हता.

त्या १२,००० बद्दल पत्रात किंवा फोनवर एक वाक्य जरूर बोला. ते पैसे बुडालेले नसतात, त्याच्या पॅनवर सरकारकडे जमा होतात आणि रिटर्न भरताना त्याच्या करातून वजा होतात. जूनचं बिल ३० जूनच्याच तारखेला खात्यात नोंदवलं तर तो कर पहिल्या तिमाहीत दिसतो आणि त्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ए, १५ ऑगस्टपर्यंत मिळायला हवं. नोंद जुलैत गेली तर तेच १५ नोव्हेंबरला ढकललं जातं. करार संपल्यावर कंपनीला फोन करून फॉर्म मागत बसणं किती कंटाळवाणं असतं, ते ज्यानं केलंय त्याला विचारा.

आता फ्रीलान्स करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. २००६ चा एमएसएमई विकास कायदा आहे. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, आणि ती एकट्या माणसालाही सेवा व्यवसायासाठी मिळते, तर करारात काहीही लिहिलेलं असो, काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे नेता येत नाहीत. लेखी मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस. आणि ‘अजून आम्ही काम स्वीकारलं नाही’ असं म्हणत बसायचीही सोय कंपनीला नाही. काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते काम दिल्याच्या दिवशीच स्वीकारलं असं धरतात. आमच्या उदाहरणात काम ३० जूनला पुरं, म्हणजे कायद्याची शेवटची तारीख १४ ऑगस्ट. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी थकबाकी मुदतीत दिली नाही तर कंपनीला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले अचानक तत्परतेनं फोन उचलतात, त्याचं हे एक कारण.

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि फुकट आहे. पैसे मागणारे एजंट आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. फक्त ती काम घेण्याआधी करा आणि नंबर बिलावर छापा. पैसे अडकल्यावर केलेली नोंदणी आधीच्या कामाला उपयोगी पडेल याचा भरवसा धरू नका. तक्रार ऑनलाइन करता येते, ती पुढे सुविधा परिषदेकडे जाते.

हस्तांतराची तारीख २० जून का, ३० का नाही? शेवटच्या दिवशी यादी तपासली तर राहिलेलं विचारायला माणूसच नसतो. मग कंपनी त्याचे पैसे अडवते, ‘आधी पासवर्ड दे’ म्हणते. केलेल्या महिन्याच्या कामाचे पैसे असे ओलीस धरणं मला पटत नाही, आणि करारात तशी अट नसेल तर ते टिकतही नाही. त्यापेक्षा दहा दिवस हातात ठेवा. मधे ७ जूनला बकरी ईद होती, तो तीन दिवस नसणार हे धरूनच यादीच्या तारखा लावल्या होत्या.

यादीत काय होतं? रिपॉझिटरी आणि डिप्लॉयमेंटच्या नोंदी तर सगळेच मागतात. राहतात त्या दोन गोष्टी. एक, एसएमएस गेटवेचं खातं सुरुवातीला त्याच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं होतं, त्यामुळे तिथे लॉगिन करायचा ओटीपी मिरजेला त्याच्या खिशातल्या फोनवर जायचा. दुसरी, रात्री दोन वाजता चालणारा हिशेब जुळवणीचा जॉब सर्व्हरवर त्याच्या युजरखाली लावलेला होता. १ जुलैला त्याचा युजर काढून टाकला असता तर तो जॉबही बंद पडला असता, आणि महिनाअखेरीचा ताळा बसेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. सर्व्हरवर हे बघायला एक ओळ पुरते, `username` च्या जागी त्याचं युजरनेम:

```
sudo crontab -l -u username
```

प्रवेश बंद करायची वेळ पत्रात लिहिलेली असावी आणि पाळावी. मुदत संपल्यावरही माणूस काम करत राहिला, आपण ते काम वापरत राहिलो, तर करार नसला तरी मोबदला द्यावा लागू शकतो. १८७२ च्या करार कायद्याचं ७० वं कलम तेच सांगतं: फुकट करायच्या इराद्यानं न केलेल्या कामाचा फायदा घेतलात तर भरपाई द्या. ‘दोन दिवस जरा बघ ना’ ही विनंती जुलैत करायची असेल तर तिचे पैसे ठरवून, मेलवर.

पत्र तुम्हाला आलं तर काय करायचं? रागानं लगेच उत्तर लिहू नका, पण दोन दिवसांत पोच द्या. पोच म्हणजे संमती नव्हे. त्यात तारखा तुमच्या शब्दांत परत लिहा: करार अमुक तारखेला संपतो, मे आणि जूनची बिलं अमुक तारखेपर्यंत मिळतील. पत्रात पैशांची तारीख नसेल तर तिथेच विचारा, कारण महिनाभरानं विचारलं तर उत्तर देणारा माणूस बदललेला असतो. बिल त्याच दिवशी लावा. दर महिन्याच्या सवयीनं पाच-सहा तारखेला लावलं तर तुमचे तीस दिवसही तेवढेच पुढे जातात. आणि एक कागद येईल, ‘मला कंपनीकडून काहीही येणं नाही’ असं लिहिलेला. पैसे खात्यात आल्याशिवाय त्यावर सही करू नका. ‘सही केली की प्रोसेस सुरू होते’ असं म्हणतील. तेव्हा नम्रपणे सांगा की रक्कम जमा झाल्याच्या दिवशी सही करून पाठवतो.

त्यानं तसंच सांगितलं होतं. आमच्या अकाउंट्सच्या बाईंना ते फारसं रुचलं नाही, पण १ ऑगस्टला, शुक्रवारी, १,०८,००० त्याच्या खात्यात गेले आणि संध्याकाळी सही केलेला कागद मेलवर आला.

आता तुमचे प्रश्न घेऊ. कुणाच्या करारात ते आपोआप वाढण्याचं वाक्य असेल तर ते सोबत दाखवा.